साडेचौऱ्याण्णव टक्के म्हणजे नक्की काय? सांगलीतल्या एका ऑफिसच्या बिलवाचनाच्या नोंदी

२ जून २०२५, विश्रामबाग

क्लायंटांची एप्रिलची खरेदी बिले आम्ही नेहमीप्रमाणे हाताने टॅलीत टाकली आणि रिटर्नही भरले. आता तीच बिले स्कॅन करून वाचक प्रोग्रामला दिली आहेत. तो प्रत्येक बिलातून नऊ रकाने काढतो: विक्रेत्याचे नाव, त्याचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी आणि एकूण. सरांचा प्रश्न एकच आहे, जुलैपासून याच्या भरवशावर एंट्री करायची का? विकणारा म्हणतो अचूकता खूप चांगली आहे. पण ती त्याने त्याच्या बिलांवर मोजली. आमची बिले कुपवाड एमआयडीसीतली, मार्केट यार्डातली, मिरजेतल्या इलेक्ट्रिक दुकानांची. ती आमची आम्हालाच मोजावी लागणार.

एप्रिलची एकूण १,८०० बिले आहेत. सगळी तपासायची तर मग प्रोग्राम कशाला, म्हणून नमुना घ्यायचा ठरले.

३ जून

पहिली सोडत वाया गेली. डोळे मिटून १०० बिले काढली, त्यात हाताने लिहिलेली फक्त चार आली. चार बिलांवरून हस्ताक्षराबद्दल काय बोलणार?

म्हणून गठ्ठे वेगळे केले. कॉम्प्युटर प्रिंटची १,४४०, डॉट मॅट्रिक्सची किंवा कार्बन कॉपीची २७०, आणि बिलबुकात हाताने लिहिलेली ९०. पहिल्या गठ्ठ्यातून १००, बाकी दोन्हींतून ५०-५० अशी २०० बिले चिठ्ठ्या टाकून काढली. यात अवघड बिलांचा वाटा मुद्दाम वाढवला आहे. त्यामुळे महिन्याचा आकडा काढताना प्रत्येक गठ्ठ्याची टक्केवारी त्याच्या खऱ्या वाट्याने, म्हणजे ८०, १५ आणि ५ टक्क्यांनी, परत तोलायची. हे विसरले तर आकडा उगीच वाईट दिसेल.

५ जून

बरोबर उत्तर कुणाचे धरायचे, यावर दोन दिवस गेले. मला वाटले होते टॅलीतली एंट्री आहेच, तिच्याशी ताडून पाहू. काकू (आमच्या हेड अकाउंटंट, या खुर्चीवर बावीस वर्षे) लगेच म्हणाल्या, "अगं, ती पण माणसानंच टाकलीय की. वीस तारखेच्या घाईत टाकलेली एंट्री सोनं नसते."

मग २०० बिलांचे नऊही रकाने काकूंनी एकदा आणि आमच्याकडे सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या पोराने एकदा, एकमेकांचे न बघता, कागदावरून टाइप केले. १,८०० पैकी ३१ ठिकाणी दोघांचे जुळले नाही. ती ३१ ठिकाणे तिघांनी कागद समोर ठेवून सोडवली. बरीचशी चूक नव्हतीच, नियमच ठरलेला नव्हता: बिलावर चलनाची तारीख आणि बिलाची तारीख दोन्ही असतील तर कुठली? फ्रेट धरून करपात्र रक्कम की सोडून? हे लिहून ठेवले. जाता जाता टॅलीतल्या आमच्याच चार एंट्री चुकीच्या निघाल्या. काकूंचे म्हणणे खरे ठरले.

७ जून

ताडून झाले. तुलना करताना रकमेतले स्वल्पविराम आणि तारखेची मांडणी आधी एकसारखी केली. बिल नंबर मात्र जसाच्या तसा, शून्य आणि तिरकी रेघ धरून.

१,८०० रकान्यांत ९९ चुका. म्हणजे ९४.५ टक्के बरोबर. सर खूश झाले. मी दुसरा आकडा सांगितला: नऊच्या नऊ रकाने बरोबर असलेली बिले २०० पैकी १२९, म्हणजे ६४.५ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. टॅलीत रकाना जात नाही, अख्खे बिल जाते, म्हणून दुसरा जास्त जवळचा वाटतो. पण तोही पुरेसा नाही, कारण त्या ७१ बिलांत काय चुकले हे तो सांगत नाही.

रकान्यानुसार चुका अशा: नाव ४१, बिल नंबर १७, करपात्र रक्कम ८, तारीख ७, जीएसटी नंबर ६, सीजीएसटी ६, एसजीएसटी ६, एकूण ५, आयजीएसटी ३.

आयजीएसटीत सगळ्यांत कमी चुका, ९८.५ टक्के बरोबर. हे मला खटकले. बिले उलटून पाहिली तर २०० पैकी १७८ बिलांवर आयजीएसटी नाहीच, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात झालेली खरेदी. तिथे प्रोग्रामने रकाना मोकळा सोडला आणि आम्ही त्याला गुण दिले. जिथे आयजीएसटी खरोखर आहे अशी २२ बिले, त्यात ३ चुकली. म्हणजे १९ बरोबर, ८६ टक्के. मोकळ्या रकान्याला मोकळे म्हणण्याचे गुण आता वेगळे धरते. जिथे मजकूर आहे तिथे काय वाचले हा आकडा स्वतंत्र लिहायचा.

९ जून

आजचा दिवस नुसता त्या तीन आयजीएसटी बिलांवर.

तिन्ही बेळगावच्या दोन विक्रेत्यांची. त्यातले एक डोळ्यासमोर ठेवते. करपात्र रक्कम ५२,००० रुपये, आयजीएसटी १८ टक्क्यांनी ९,३६०, एकूण ६१,३६०. बिलावर तिन्ही करांचे रकाने शेजारी शेजारी छापलेत, पहिले दोन मोकळे आहेत, आणि छपाई थोडी डावीकडे सरकली आहे. प्रोग्रामने ९,३६० सीजीएसटीत टाकले. बेरीज करून पाहा: ५२,००० अधिक ९,३६०, एकूण ६१,३६०. जुळते! आमची एकमेव तपासणी बेरजेची होती, आणि तिने हे बिल हसत पुढे सोडले.

परिणाम लहान नाही. सीजीएसटीचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, एसजीएसटीच्या देण्याला वापरता येत नाही, आयजीएसटीचे क्रेडिट दोन्हीकडे वापरता येते. खाते बदलले की एका बाजूला नसलेले क्रेडिट घेतले जाते आणि दुसरीकडे हक्काचे पडून राहते. टू-बीशी, म्हणजे विक्रेत्यांच्या रिटर्नवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीशी, ताळमेळही बसत नाही.

उपाय सोपा निघाला. जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. विक्रेता २९ चा आणि माल इथे आला, तर आयजीएसटी हवा. विक्रेता २७ चा असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी हवेत, आणि दोन्ही सारखे. माल दुसऱ्याच राज्यात उतरवला असेल किंवा सेझचा व्यवहार असेल तर हा नियम चुकू शकतो. म्हणून बिल नाकारायचे नाही, फक्त माणसाला दाखवायचे.

१० जून

जीएसटी नंबरच्या सहा चुका. चार ठिकाणी एकेक अक्षर चुकले होते, B चा 8, 5 चा S असे. या चुकांची मला काळजी नाही, कारण पंधरावे अक्षर तपासणीसाठीच असते. आधीच्या चौदा अक्षरांवरून ते निघते, आणि एखादेच अक्षर बदलले तर ते नक्की जुळत नाही. दहा ओळींत होते:

```python
A = "0123456789ABCDEFGHIJKLMNOPQRSTUVWXYZ"

def gstin_ok(g):
    if len(g) != 15 or any(c not in A for c in g):
        return False
    s = 0
    for i, c in enumerate(g[:14]):
        p = A.index(c) * (1 if i % 2 == 0 else 2)
        s += p // 36 + p % 36
    return A[(36 - s % 36) % 36] == g[14]
```

उरलेल्या दोन जास्त वाईट. एका बिलात विक्रेत्याऐवजी आमच्या क्लायंटचाच नंबर उचलला, दुसऱ्यात ट्रान्सपोर्टवाल्याचा. दोन्ही नंबर खरे, तपासणीचे अक्षर बरोबर, फक्त माणूस चुकीचा. क्लायंटचा स्वतःचा नंबर विक्रेता म्हणून आला तर थांबवायचे, एवढ्याने पहिली चूक सुटली. ट्रान्सपोर्टवाला मात्र आमच्या लेजरमध्ये आहे, म्हणून तो आरपार गेला.

११ जून

आजपासून मोजायची पद्धत बदलली. सकाळी पावसामुळे क्लायंट नव्हते, म्हणून सर, काकू आणि मी ९९ चुकांच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: ही चूक पुढे कुठे आपोआप अडेल का?

नावाच्या ४१ चुका आधी बाजूला काढल्या. "ट्रेडर्स"चे "ट्रेडस" झाले तरी लेजर जीएसटी नंबरवरून निवडले जाते, पुस्तकात काही बदलत नाही. उरल्या ५८. करपात्र रक्कम आणि एकूण यांच्या १३ चुका बेरजेत अडल्या. तिन्ही करांच्या मिळून १५ चुका बेरीज आणि राज्याचा नियम यांत अडल्या. जीएसटी नंबरच्या पाच अडल्या. दोन तारखा दोन-दोन वर्षे मागच्या होत्या, त्याही अडल्या. अशा ३५ पकडल्या गेल्या.

न अडणाऱ्या २३. त्यात ट्रान्सपोर्टवाला एक, तारखा पाच, आणि बिल नंबर सतराच्या सतरा.

काकू थोडा वेळ चिठ्ठ्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रकमेची भीती आपल्याला उगीच वाटते. रकमेला बेरीज आहे. बिल नंबरला कोण आहे?"

इतकी वर्षे आम्ही नवीन मुलांना रक्कम दोनदा बघायला शिकवतो, बिल नंबर एकदाही नाही. बिल नंबरला ना बेरीज, ना तपासणीचे अक्षर. जीएसटीच्या नियमांत तो १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा अशी मोजकीच बंधने आहेत. प्रत्येक दुकानदार आपल्या मनाने लिहितो.

१२ जून

बिल नंबर चुकला की काय होते, ते टॅलीत चाचणीसाठी उघडलेल्या कंपनीतच दिसले. कुपवाडच्या एका स्पेअर पार्टवाल्याचे बिल, करपात्र ७२,०००, सीजीएसटी ६,४८० आणि एसजीएसटी ६,४८०, एकूण ८४,९६०. मालकाने आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, मग पंधरवड्याने कागदी बिल फाइलमध्ये आले. कागदावर `SE/25-26/0187` नीट वाचले. फोटोत घडी नेमकी 8 वरून गेली होती, तिथे `SE/25-26/0137` झाले. दोन वेगळे नंबर, म्हणून टॅलीने दुबार म्हणून अडवले नाही. खरेदी दोनदा, देणे दोनदा, १२,९६० रुपयांचे क्रेडिट दोनदा.

खऱ्या पुस्तकात हे झाले असते तर? चुकीचे क्रेडिट वापरले गेले की १८ टक्के दराने व्याज. आणि एखाद्या महिन्यात मालकाने लेजर बघून पार्टीला दुसऱ्यांदा चेक दिला असता. रकमेत एका अंकाची चूक झाली असती तर ती त्याच मिनिटाला कळली असती.

आता महिन्याचा अंदाज. बिल नंबरच्या चुका प्रिंटमध्ये १०० पैकी ३, कार्बनमध्ये ५० पैकी ५, हस्ताक्षरात ५० पैकी ९. नुसती बेरीज केली तर २०० पैकी १७, साडेआठ टक्के. वाट्याने तोलले तर ४.८ टक्के, म्हणजे १,८०० बिलांत अंदाजे ८६.

हा अंदाज किती घट्ट आहे तेही सरांना सांगितले. हस्ताक्षराचे १८ टक्के म्हणताना खरा आकडा १० ते ३१ मध्ये कुठेही असू शकतो, कारण बिले पन्नासच. प्रिंटचे ३ टक्के म्हणजे १ ते साडेआठ. आणि जिथे चूक शून्य दिसते तिथेही, २०० बिलांत शून्य म्हणजे दीड टक्क्यापर्यंत चुका असू शकतात एवढेच खात्रीने म्हणता येते.

१३ जून

प्रिंटच्या बिलांसाठी नमुन्याच्या पुढे जाता आले. टू-बीत विक्रेत्याने स्वतः भरलेला बिल नंबर असतो. म्हणजे जीएसटी नंबर, करपात्र रक्कम आणि कर यांवर जोडी लावली तर त्याचा बिल नंबर आमच्या वाचलेल्या नंबराशी ताडता येतो, आणि तोही सगळ्या महिन्याचा.

एप्रिलच्या १,४४० पैकी १,३१० जोड्या लागल्या. ५२ ठिकाणी नंबर वेगळा. पन्नासावर कागद हाताने काढून बघायला आम्हा दोघींना अडीच तास लागले. ३८ चुका वाचकाच्या निघाल्या, १४ ठिकाणी विक्रेत्यानेच रिटर्नमध्ये वेगळे लिहिले होते, कुणी शून्य गाळले, कुणी वर्ष. १,३१० मध्ये ३८ म्हणजे २.९ टक्के. नमुन्याच्या ३ टक्क्यांशी जुळले, फक्त आता तो आकडा हातात घट्ट बसतो.

टू-बीला सत्य मानायचे नाही, हेही त्या १४ बिलांनी शिकवले. शिवाय ज्याने रिटर्नच भरले नाही तो त्यात नसतो, आणि कंपोझिशनवाले व नोंदणी नसलेले दुकानदार कधीच नसतात. आमची हस्ताक्षराची बिले बहुतेक त्यांचीच. तिथे क्रेडिट मुळातच नाही, त्यामुळे वाचन सगळ्यांत वाईट असूनही करातले नुकसान कमी. दुबार एंट्रीचा धोका मात्र तेवढाच राहतो.

१४ जून

एक वेगळेच कारण सापडले. सतरापैकी चार चुका वाचकाच्या नाहीतच! प्रोग्रामची फाइल आम्ही टॅलीत घेण्याआधी एक्सेलमध्ये उघडतो. `05/25` हा बिल नंबर एक्सेलने तारीख समजून `May-25` केला. `0412` चे `412` झाले. मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नंबर अगदी बरोबर. म्हणजे चूक आमच्या उघडण्यात होती आणि खापर वाचकावर फोडत होतो. आता फाइल डबल क्लिकने उघडायची नाही, डेटा मेनूतून आत घ्यायची आणि बिल नंबरचा रकाना टेक्स्ट ठेवायचा. आर्टिकल पोराच्या मॉनिटरवर तशी चिठ्ठी लावली.

१६ जून

तारखांच्या पाच. त्यातली एकच सांगण्यासारखी: ३१ मार्चचे बिल, माल २ एप्रिलला लॉरीत चढला, आणि वाचकाने लॉरी रिसीटची तारीख उचलली. खर्च एका वर्षातून दुसऱ्या वर्षात गेला. नोव्हेंबरमध्ये हीच दोन दिवसांची चूक झाली असती तर कुणाला कळलीही नसती. म्हणून तारखेचे वजन वर्षभर सारखे धरत नाही. महिन्याच्या सीमेवरची तारीख दाखवायची, आणि मार्च-एप्रिलची तर प्रत्येक.

सरांनी ठरवले ते असे. कार्बन आणि हस्ताक्षराच्या सगळ्या बिलांचा फक्त बिल नंबर माणसाने बघायचा. ३६० बिले, प्रत्येकी पंधरा सेकंद, महिन्याला दीड तास. प्रिंटच्या बिलांत टू-बीशी न जुळणारीच उघडायची. त्याच पार्टीचे, त्याच रकमेचे दुसरे बिल आले तर नंबर वेगळा असला तरी थांबवायचे. आणि नावाचा रकाना, ज्याला आम्ही बिनमहत्त्वाचा ठरवला होता, तो ट्रान्सपोर्टवाल्यासाठी परत घेतला: वाचलेले नाव आणि जीएसटी नंबरवरून येणारे लेजरचे नाव अजिबात मिळतेजुळते नसेल तर दाखवायचे. एका अक्षराची चूक चालेल, माणूस वेगळा चालणार नाही.

२१ जून

मेच्या बिलांतून नवीन २०० काढली, तसेच तीन गठ्ठे. एप्रिलचीच परत वापरली असती तर नियम ज्या बिलांवर घडवले त्यांच्यावरच पास झाले असते. परत दोघांनी टाइप केले. वाचकाच्या चुका जवळपास तेवढ्याच आहेत, तो काही सुधारलेला नाही. पण कुठेही न अडता पुस्तकात पोचलेल्या चुका एप्रिलच्या २३ च्या जागी ४ आल्या: दोन बिल नंबर, दोन तारखा. एक बिल नंबर पंधरा सेकंदांच्या नजरेतूनही निसटला. कार्बनचा 1 आणि 7, काकूंनाही भिंग लागले.

२४ जून

जुलैपासून सुरू करायचे ठरले होते. आज संध्याकाळी काकूंनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. मिरजेच्या इलेक्ट्रिकवाल्याची क्रेडिट नोट, परत केलेल्या मालाची, करासह ११,८००. नाव बरोबर, नंबर बरोबर, तारीख, रक्कम, कर, सगळे नऊ रकाने बरोबर. वाचकाने ती खरेदी म्हणून टाकली. ११,८०० वजा व्हायचे ते वाढले, म्हणजे पार्टीच्या खात्यात २३,६०० चा फरक. आमच्या हिशेबात हे शंभर टक्के अचूक बिल ठरते.

दोन्ही नमुन्यांत क्रेडिट नोट एकही नव्हती, कारण आम्ही "खरेदी बिले" लिहिलेल्या फाइलीतूनच चिठ्ठ्या काढल्या. क्रेडिट नोटांची फाइल वेगळी, सरांच्या कपाटात.

दहावा रकाना वाढवला: कागदाचा प्रकार. उद्या एप्रिल आणि मेच्या सगळ्या क्रेडिट-डेबिट नोटा कपाटातून काढून वाचकाला द्यायच्या. साठेक असतील, नमुना नको, सगळ्याच तपासू. तोवर ज्या कागदावर "क्रेडिट नोट" किंवा "परत" असे काही दिसेल तो हातानेच टाकायचा, आणि जुलैची सुरुवात पंधरा दिवसांनी पुढे.